सिंहगड रायगडाजवळ कसा गेला?

सिंहगडाचा अक्षांश सुमारे १८ अंश २१ मिनिटं ५६ सेकंद उत्तर आणि रेखांश ७३ अंश ४५ मिनिटं १८ सेकंद पूर्व. किल्ल्यांच्या याद्यांमध्ये गडाची जागा अशीच लिहिलेली असते: १८°२१′५६″ आणि ७३°४५′१८″. आता समजा कुणाला दीडदोनशे किल्ल्यांची अशी यादी संगणकाच्या नकाशावर टाकायची आहे. नकाशाच्या सॉफ्टवेअरला दोन रकाने हवे असतात, एक अक्षांशाचा आणि एक रेखांशाचा, आणि दोन्हींत साधे दशांश आकडे. यादी करणारा घाईत असतो. तो अंशाच्या खुणेच्या जागी टिंब ठेवतो, बाकीच्या खुणा पुसतो आणि लिहितो १८.२१५६ आणि ७३.४५१८.

सॉफ्टवेअर जराही कुरकुर करत नाही. ठिपका उमटतो, आणि तोही अगदी सभ्य ठिकाणी, रायगडापासून जेमतेम सव्वादोन-अडीच किलोमीटरवर. खरा सिंहगड तिथून छत्तीस किलोमीटर दूर, ईशान्येला. ठिपका अरबी समुद्रात पडला असता तर कुणीही बोट ठेवलं असतं. पण डोंगरांच्या मुलखात, एका नावाजलेल्या गडाच्या शेजारी पडलेल्या ठिपक्याकडे कोण संशयाने बघणार? या कामातल्या बहुतेक चुका अशाच असतात. हिशेब पाचवीच्या मुलालाही जमेल इतका सोपा, आणि चुकलेलं उत्तर दिसायला बरोबर उत्तरासारखंच.

चुकीचं मूळ साठाच्या आकड्यात आहे. अंशाचे भाग दहा-दहाच्या पटीत पडत नाहीत, साठ-साठच्या पटीत पडतात. ज्यांच्या घरी पंचांग उघडलं जातं त्यांना हे नवं नाही. ग्रहांची स्थिती राशी, अंश, कला आणि विकला अशी दिलेली असते. साठ विकलांची एक कला, साठ कलांचा एक अंश. नकाशावरची मिनिटं आणि सेकंद म्हणजे याच कला-विकला. अडीच तासांची बैठक आपण घड्याळाच्या भाषेत २ तास ३० मिनिटं अशी लिहितो, पण ताशी दराने मजुरी काढताना गुणाकार २.५ ने करतो. २.३० ने केला तर माणसाचे पैसे बुडतात. किल्ल्यांच्या यादीत नेमका हाच गुणाकार चुकलेला असतो.

सिंहगडाचा अक्षांश नीट काढू. अंश १८, ते तसेच राहतात. २१ मिनिटं म्हणजे एकवीस भागिले साठ, ०.३५ अंश. ५६ सेकंद म्हणजे छप्पन भागिले छत्तीसशे, ०.०१५५५६ अंश. एका अंशात साठ गुणिले साठ, म्हणजे ३६०० सेकंद असतात, म्हणून छत्तीसशे. तिन्हींची बेरीज १८.३६५५५६. रेखांशाचं गणित आणखी सोपं: ७३, अधिक ४५ भागिले साठ म्हणजे ०.७५, अधिक १८ भागिले छत्तीसशे म्हणजे ०.००५. बेरीज ७३.७५५. ताळा करायचा असेल तर उलटं जायचं. १८.३६५५५६ मधला टिंबापुढचा भाग साठने गुणला की २१.९३३३ येतात, त्यातले २१ ही मिनिटं. उरलेल्या ०.९३३३ ला पुन्हा साठने गुणलं की ५६ सेकंद परत मिळतात.

दोनचार जागांसाठी एक्सेलमध्ये एक गमतीशीर आडवाट आहे. सेलमध्ये १८ तास २१ मिनिटं ५६ सेकंद अशी वेळ टाकायची आणि शेजारच्या सेलमध्ये तिला २४ ने गुणायचं. एक्सेल वेळ ही दिवसाचा अंश म्हणून साठवतं, त्यामुळे चोवीसने गुणलं की तास दशांशात मिळतात, आणि ते आकडे हुबेहूब आपल्या अंशांचेच असतात.

```
A1:  18:21:56
B1:  =A1*24
```

उत्तराच्या सेलचं स्वरूप ‘वेळ’ असेल तर ते ‘संख्या’ करून घ्यावं लागतं, नाहीतर भलतीच वेळ दिसते. ७३ तास टाकले तरी एक्सेल अडत नाही. पण ते ऋण वेळ दाखवत नाही, त्यामुळे दक्षिण आणि पश्चिम गोलार्धासाठी ही युक्ती चालत नाही. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांना तो प्रश्न येत नाही.

टिंबाची चूक झालेली यादी आयती हातात आली तर ती कशी ओळखायची? रकान्यावरून नजर फिरवायची आणि टिंबानंतरचे पहिले दोन आकडे बघायचे. मिनिटं कधीही ५९ च्या पुढे जात नाहीत. त्यामुळे खुणा पुसून बनवलेल्या रकान्यात टिंबापुढे ६० ते ९९ कधीच सापडणार नाहीत. खऱ्या दशांशांत मात्र, किल्ले राज्यभर पसरलेले असतील तर, साधारण दहापैकी चार ओळींत टिंबापुढे ६० किंवा त्याहून मोठा आकडा असायला हवा. दीडशे किल्ल्यांमध्ये एकही नसेल तर तो योगायोग म्हणता येत नाही. यादी एकाच तालुक्यातली असेल तर ही कसोटी लंगडी पडते, कारण तालुकाभरच्या जागा खरोखरच १८.३ आणि १८.५ च्या मध्ये असू शकतात.

दुसरी खूण ठिपक्यांच्या सरकण्यात दिसते. साठऐवजी शंभरने भागल्यासारखं होत असल्याने येणारा आकडा खऱ्याहून कमीच येतो. आपल्याकडे अक्षांश कमी म्हणजे दक्षिणेला आणि रेखांश कमी म्हणजे पश्चिमेला. म्हणून सगळे किल्ले नैर्ऋत्येकडे सरकतात, पण सारखे नाही. ज्याची मिनिटं दोन-चार आहेत तो जवळपास जागेवर राहतो. मिनिटं एकोणसाठच्या घरात असली तर चूक ०.४ अंशापर्यंत जाते, म्हणजे दक्षिणेकडे सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. सिंहगड दक्षिणेला साडेसोळा किलोमीटर आणि पश्चिमेला बत्तीस किलोमीटर गेला, कारण त्याच्या अक्षांशात २१ मिनिटं आहेत आणि रेखांशात ४५. या असमान सरकण्यामुळे सगळा नकाशा एकसारखा ढकलून चूक दुरुस्त होत नाही. मूळ आकड्यांकडे परत जावंच लागतं. चूक एवढीच असेल तर मूळ आकडे १८.२१५६ मध्येच दडलेले असतात, ते वेगळे काढले की झालं. पण एखाद्या ओळीत ५ मिनिटं ७ सेकंदांचं ०५०७ न होता नुसतं ५७ झालं असेल, तर तिचं मूळ गेलं असं समजावं.

हाताने दीडशे ओळी करण्यात अर्थ नाही, म्हणून शीटला कामाला लावू. हे गूगल शीट्समध्ये सोपं जातं. ‘A’ रकान्यात अक्षांशाचा मजकूर आहे आणि ‘B’ मध्ये रेखांशाचा, जसा कुणी टाइप केला असेल तसा. आधी मजकुरातून आकडे वेगळे काढायचे. पहिलं सूत्र ‘C2’ मध्ये आणि दुसरं ‘G2’ मध्ये टाकायचं:

```
=REGEXEXTRACT(A2, "(\d+)\D+(\d+)\D+([\d.]+)\D*([NSEW])")
=REGEXEXTRACT(B2, "(\d+)\D+(\d+)\D+([\d.]+)\D*([NSEW])")
```

हे दिसायला मंत्रासारखं असलं तरी सांगतं साधंच: आधी काही आकडे घे, मग आकडे नसलेलं जे काही असेल ते सोडून दे, पुन्हा आकडे घे, पुन्हा सोड, मग टिंबासकट आकडे घे आणि शेवटी दिशेचं इंग्रजी अक्षर घे. चारही गोष्टी शेजारशेजारच्या चार सेलमध्ये जाऊन बसतात. अक्षांशाचे अंश, मिनिटं, सेकंद आणि दिशा ‘C’ ते ‘F’ मध्ये, रेखांशाचे ‘G’ ते ‘J’ मध्ये. मग बेरीज ‘K’ आणि ‘L’ मध्ये:

```
=(C2 + D2/60 + E2/3600) * IF(F2="S", -1, 1)
=(G2 + H2/60 + I2/3600) * IF(J2="W", -1, 1)
```

मधल्या खुणांना सूत्राने ‘आकडे नसलेलं काहीही’ म्हटलंय, त्याला कारण आहे. मिनिटाची खूण कुणी सरळ अवतरणचिन्हाने लिहितो, कुणी वळणदार चिन्हाने, तर कुणी सेकंदासाठी एकेरी चिन्ह दोनदा दाबतो. एका टोकाला नीट दिसणारी अंशाची खूण दुसऱ्या संगणकावर तिच्यापुढे एक परकं अक्षर चिकटवून उघडते, कारण फाइल साठवताना एक लिपिसंकेत वापरला होता आणि उघडताना दुसरा. सेकंदाचं दुहेरी अवतरणचिन्ह तर वेगळाच त्रास देतं. स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या सीएसव्ही फाइलमध्ये तेच चिन्ह मजकुराची हद्द दाखवायला वापरतात, म्हणून ५६ नंतरचं चिन्ह कधीकधी पुढच्या दोनतीन रकान्यांना एकाच सेलमध्ये कोंबून टाकतं. प्रत्येक प्रकार शोधून बदलत बसण्यापेक्षा आकड्यांना धरायचं आणि मधलं काहीही असो, सोडून द्यायचं, हे बरं.

मराठी यादीत आणखी दोन अडथळे येतात. एक म्हणजे १८ हा आकडा देवनागरीत असेल तर वरच्या सूत्राला तो आकडा वाटतच नाही आणि सेलमध्ये ‘#N/A’ उमटतं. ‘उ.’ आणि ‘पू.’ या दिशाही त्याला कळत नाहीत. दहा आकडे आणि चार दिशा शोधा-आणि-बदला करून इंग्रजी करून घ्याव्या लागतात. हे काम कंटाळवाणं, पण एकदाच करायचं. शिवाय ‘#N/A’ ही प्रामाणिक चूक आहे, ती स्वतःहून ओरडून सांगते.

दुसरा अडथळा गप्प बसतो. अंशाची खूण कळफलकावर पटकन सापडत नाही, म्हणून अनेकजण शून्य टाइप करून त्याला वर उचलतात. छापील पानावर ते अंशाच्या खुणेसारखंच दिसतं. मजकूर शीटमध्ये चिकटवला की उचललेलं शून्य खाली येतं आणि १८ अंशांचे १८० होतात, ७३ चे ७३०. देवनागरीतला ० वापरला असेल तर इंग्रजी आकडे करताना हेच घडतं. यावर पहारा सोपा आहे. अक्षांश ९० च्या पुढे जाऊ शकत नाही आणि रेखांश १८० च्या पुढे.

यापेक्षा फसवा प्रकार जीपीएस यंत्राच्या नोंदींत असतो. ट्रेकला नेतात त्या हातातल्या यंत्रांवर बहुधा अंश आणि दशांश मिनिटं दिसतात, सेकंद नसतातच. सिंहगडाचा अक्षांश अशा यंत्रावर १८°२१.९३३′ असा दिसेल, कारण ५६ सेकंद म्हणजे ०.९३३ मिनिटं. इथे २१.९३३ ला एकदाच साठने भागायचं, की झालं. पण आपलं सूत्र मिनिटांमधल्या टिंबालाही ‘मधलं काहीतरी’ समजून ओलांडतं आणि १८ अंश, २१ मिनिटं, ९३३ सेकंद असं वाचतं. वहीतून आकडे उतरवून घेणारा माणूसही हेच करतो. रेखांश ७३°४५.३००′ चा होतो ७३ अंश ४५ मिनिटं ३०० सेकंद. बेरीज केली की १८.६०९ आणि ७३.८३३. आता सिंहगड पिंपरी-चिंचवड परिसरात, खऱ्या जागेच्या उत्तरेला सत्तावीस किलोमीटरवर!

म्हणून बेरजेच्या शेजारी एक पहाऱ्याचा रकाना ठेवायचा. मिनिटं किंवा सेकंद साठ किंवा त्याहून जास्त असतील तिथे तो ‘TRUE’ म्हणेल:

```
=OR(D2*1>=60, E2*1>=60, H2*1>=60, I2*1>=60)
```

एकने गुणण्याचं प्रयोजन असं, की ‘REGEXEXTRACT’ जे काढतं ते शीटच्या लेखी मजकूर असतं. बेरजेत शीट त्याची संख्या करून घेतं, पण तुलनेत करत नाही. तुलनेत ते मजकुराला कोणत्याही संख्येपेक्षा मोठंच धरतं, आणि मग पहारेकरी प्रत्येक ओळीला चोर म्हणतो.

हा पहारेकरी सगळं पकडतो असंही नाही. यंत्रावर २१.०४५ मिनिटं असतील तर सूत्राला ‘०४५’, म्हणजे ४५ सेकंद दिसतील, आणि ते साठच्या आतले. म्हणून ‘TRUE’ आलेल्या ओळी एकेक दुरुस्त करत सुटू नये. एका वहीतल्या, एका माणसाने आणलेल्या नोंदी एकाच पद्धतीच्या असतात. त्यांतल्या बऱ्याच ओळी पहाऱ्यात सापडल्या, तर त्या वहीतल्या न सापडलेल्या ओळीही दशांश मिनिटांच्याच समजाव्यात आणि सगळ्यांना वेगळं सूत्र लावावं.

दिशांबद्दल महाराष्ट्रातल्या माणसाला फारसा विचार करावा लागत नाही, कारण इथे सगळं उत्तर आणि सगळं पूर्व, दोन्ही रकाने धन. तरी टंकनात ‘E’ च्या शेजारचं ‘W’ दाबलं गेलं तर सिंहगड थेट हैतीच्या दक्षिण भागात जातो, ले काये शहराच्या उत्तरेला. बाहेरदेशीच्या जागांच्या यादीत मात्र उणे चिन्ह फार जपावं लागतं. काही याद्यांत दिशेचं अक्षर नसतं, उणे चिन्ह अंशांना चिकटवलेलं असतं. सिडनीचं ऑपेरा हाउस ३३°५१′२५″ दक्षिणेला आहे. ते -३३, ५१, २५ असं तीन सेलमध्ये आलं आणि आपण सरळ बेरीज केली, तर -३३ मध्ये ०.८५७ मिळवून -३२.१४३ येतात. खरं उत्तर -३३.८५७. ठिपका एकशे नव्वद किलोमीटर उत्तरेला सरकला, कारण मिनिटं आणि सेकंदही उणेच धरायला हवे होते. लंडनमध्ये तर उणे चिन्ह नाहीसंच होतं. चेरिंग क्रॉसचा रेखांश आहे शून्य अंश ७ मिनिटं ३९ सेकंद पश्चिम. अंशांच्या सेलमध्ये -० लिहिलं की शीट त्याचा नुसता ० करून टाकतं, आणि मध्य लंडनमधला ठिपका साडेसतरा किलोमीटर पूर्वेला जातो. यावर उपाय एकच: उणे चिन्हाला आकड्यात राहू देऊ नये, दिशा वेगळ्या सेलमध्ये लिहावी आणि चिन्ह अगदी शेवटी, पूर्ण बेरजेला लावावं. वरचं सूत्र तसंच रचलंय.

रकान्यांची अदलाबदल ही सगळ्यांत निरुपद्रवी चूक, कारण ती लगेच दिसते. गूगल मॅप्सच्या शोधचौकटीत आधी अक्षांश लिहितात, मग रेखांश. क्यूजीआयएससारख्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये विचारतात एक्स आणि वाय, आणि तिथे एक्स म्हणजे रेखांश. उलटं झालं की महाराष्ट्रातले पश्चिमेकडचे किल्ले उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर, नॉर्वेचं मुख्य भूमीचं टोक आणि स्वालबार्ड यांच्यामधल्या समुद्रात जाऊन पडतात. तिथे बेअर आयलंड नावाचं एक छोटं बेट आहे. किल्ले त्याच्या आसपास तरंगताना दिसले, की रकाने उलटे झालेत हे समजून घ्यायचं. क्यूजीआयएसमध्ये मजकुराची फाइल उघडताना ‘DMS coordinates’ असा पर्यायही असतो, त्यावर खूण केली की ते अंश-मिनिटं-सेकंद स्वतःच वाचतं. फाइल स्वच्छ असेल तर तो वापरावा. आपल्याकडच्या याद्या क्वचितच तशा असतात, म्हणून मला तरी आकडे डोळ्यांसमोर वेगळे झालेले पाहायला आवडतात.

महाराष्ट्रापुरती एक चाळणी कायम लावून ठेवण्यासारखी आहे. राज्य साधारण १५.६ ते २२.१ अक्षांश आणि ७२.६ ते ८०.९ रेखांश यांच्यात बसतं. याबाहेरची ओळ दिसली की ती बाजूला काढायची. पण सिंहगडाचा ठिपका या चाळणीतून दोनदा सुखरूप पार पडला होता, रायगडाजवळ आणि पिंपरी-चिंचवडमध्ये, हे विसरू नये. शेवटी यादीतल्या ओळखीच्या पाचसहा जागा उपग्रहचित्रावर उघडून बघाव्यात. त्या निवडताना ज्यांची मिनिटं मोठी आहेत अशाच निवडाव्यात, कारण चूक तिथेच ठळक दिसते.

आता दशांश किती ठेवायचे? शीट १८.३६५५५५५५५५५५५६ असं लांबलचक उत्तर देतं आणि काहीजण ते तसंच छापतात. उत्तर-दक्षिण दिशेत एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर, आणि आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम दिशेत सुमारे २९ मीटर. मूळ नोंद पूर्ण सेकंदांत असेल तर ती पंधरा मीटर इकडे किंवा तिकडे असणारच. दशांशाच्या चौथ्या स्थानाची किंमत ११ मीटर आहे, पाचव्याची एक मीटरहून किंचित जास्त. म्हणजे चार स्थानं पुरतात. ताळा करताना मूळ सेकंद जसेच्या तसे परत यावेत म्हणून मी पाच ठेवतो. सहाव्या स्थानापासून पुढे जे दिसतं ते भागाकाराचं शेपूट आहे, त्यात गडाबद्दल काहीच माहिती नाही. नोंद नुसत्या अंश-मिनिटांची असेल तर गोष्ट वेगळी. एक मिनिट म्हणजे जवळजवळ पावणेदोन-दोन किलोमीटर, त्यामुळे असा ठिपका गडावर न पडता खालच्या गावात पडला तर त्यात नवल नाही. अशा ओळीला दोनच दशांश ठेवावेत. शिवाय गड काही एक बिंदू नसतो. पुणे दरवाजाजवळ उभं राहून घेतलेली नोंद आणि कल्याण दरवाजाजवळची नोंद यांत कित्येक सेकंदांचा फरक पडतो आणि दोन्ही बरोबर असतात. नोंद कुठल्या जागेची, हे शेजारच्या रकान्यात दोन शब्दांत लिहिलं तर पुढच्याचं डोकं शांत राहतं.

हे सगळं नीट केलं, ताळा जुळला, चाळणी लावली, तरी काही ठिपके हट्टाने शंभर-सव्वाशे मीटर बाजूला राहतात, आणि सगळे एकाच दिशेला, साधारण आग्नेयेकडे. हे आकडे बहुधा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या स्थलदर्शक नकाशांवरून, म्हणजे टोपोशीटवरून, घेतलेले असतात. ते नकाशे ज्या पृथ्वीवर बेतलेत ती जीपीएसची पृथ्वी नव्हे. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये मांडलेल्या लंबगोलाच्या मापांवर ते आधारलेले आहेत, आणि त्यांचा आरंभबिंदू मध्य प्रदेशातल्या कल्याणपूर इथे धरलेला आहे. जीपीएस आणि आजचे वेबनकाशे ‘WGS 84’ नावाचा वेगळा लंबगोल वापरतात, त्याचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळवलेला असतो. एकाच गडाचे अक्षांश-रेखांश म्हणूनच दोन्ही पद्धतींत थोडे वेगळे येतात. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वेक्षण विभागाने सर्वसामान्यांसाठी काढलेली ‘ओपन सीरिज’ नकाशामालिका ‘WGS 84’ वर आहे, पण संग्रहात आणि छायाप्रतींत फिरणारे जुने नकाशे तसे नाहीत.

हा फरक साठने भागून मिटत नाही. टोपोशीटवरून घेतलेल्या ओळी वेगळ्या फाइलमध्ये काढायच्या, दशांशात करायच्या, क्यूजीआयएसला ही फाइल एव्हरेस्ट पद्धतीची आहे असं सांगून उघडायची आणि मग तिची ‘WGS 84’ मधली प्रत साठवायची. सिंहगडाच्या आसपास ठिपके सुमारे शंभर मीटर उत्तरेला आणि पाऊणशे मीटर पश्चिमेला सरकले, तर काम झालं असं समजायचं. अजिबात सरकले नाहीत, तर उघडताना पद्धत निवडायची राहून गेलेली असते. त्यासाठी अगदी सुरुवातीपासून यादीत एक रकाना स्रोताचा हवा: टोपोशीट, जीपीएस, की कुणा पुस्तकातली नोंद. आणि ‘A’ व ‘B’ मधला मूळ मजकूर, त्याच्या वाकड्यातिकड्या खुणांसकट, पुसायचा नाही. ‘K’ आणि ‘L’ कितीदाही पुन्हा काढता येतात, पण ते ज्यावरून काढायचे ते तेवढ्या दोनच रकान्यांत असतं.